कॅफेची तासवार विक्री बघून शिफ्ट लावल्या, आणि शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक परत गेलं

अर्धाकप
मंगळवार, रात्री ११:२०

कोथरूडला माझा छोटा कॅफे आहे. ३४ खुर्च्या, सकाळी ८ ते रात्री १०:३०, सातही दिवस उघडा. किचनला तिघं, काउंटरला दोघं, सर्व्हिसला तिघं आणि भांड्यांना एक मावशी. शनिवार-रविवारी चार तासांसाठी कॉलेजचा एक मुलगा येतो.

आजवर शिफ्टा अंदाजाने लावत होतो. या वेळी म्हटलं, जरा शास्त्रशुद्ध करू. बिलिंग सॉफ्टवेअरमधून तेरा आठवड्यांची बिलं एक्सेलमध्ये काढली. पूर्ण तेरा आठवडे घेतले, म्हणजे प्रत्येक वार तेरा वेळा येतो. मग पिव्होट केला: आडवे वार, उभे तास, आत सरासरी विक्री. शनिवारचं चित्र असं आलं:

६ ते ७: ४,१०० रुपये
७ ते ८: ६,८०० रुपये
८ ते ९: ९,४०० रुपये

सरळ दिसतंय की ८ ते ९ ला गर्दी. म्हणून कॉलेजच्या मुलाची वेळ ५ ते ९ होती ती ७ ते ११ केली. सर्व्हिसच्या एकाची जेवणाची सुट्टी ६ ते पावणेसात ठेवली, कारण तेव्हा 'मंदी' असते. दोन शनिवार झाले. दोन्ही वेळा साडेसहाला फ्लोअरवर एकटा पोरगा, दारात तीन ग्रुप उभे, त्यातले दोन निघून गेले. आणि पावणेनऊला चौघं पोरं काउंटरला टेकून मोबाइल बघतायत!

दुसरं कोडं गुरुवारचं. दुपारी ३ ते ४ ला सरासरी २,८०० दाखवतोय. बुधवारी त्याच वेळेला ११५० आहे. म्हणून गुरुवारी काउंटरला जास्तीचा माणूस ठेवला. एक कुत्रं फिरकलं नाही.

आकडे खोटे कसे असतील? कुठे चुकतंय?

---

पेठेतला
मंगळवार, रात्री ११:४१

दुपारी ३ ते ४ ला मंदी असेल तर हॅपी अवर्स ठेवा. स्टुडंट कॉम्बो, कोल्ड कॉफी आणि सँडविच १४९. आमच्या इथे एकाने ठेवलंय, झुंबड असते.

---

अर्धाकप
मंगळवार, रात्री ११:४८

@पेठेतला, विक्री कशी वाढवायची हा प्रश्नच नाहीये हो. आहे त्या विक्रीला माणसं कधी उभी करायची, ते विचारतोय.

---

गल्लाधारी
बुधवार, सकाळी ७:०५

आमचं कोल्हापुरात मिसळीचं हॉटेल आहे, २२ वर्षं. एवढं एक्सेल-बिक्सेल लागत नाही. सोपा हिशोब: तासाला एका माणसामागे हजार रुपये धंदा. ९,४०० आहे तर नऊ माणसं, ४,१०० आहे तर चार. तुमची माणसंच कमी आहेत.

---

भांडारपाल
बुधवार, सकाळी ९:३०

बारा वर्षं हॉटेलांच्या ऑपरेशन्समध्ये काढलीत, त्या अनुभवावर सांगते. @अर्धाकप, तुमचे आकडे खरे आहेत, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतायत.

तुमच्या कॅफेत बिल कधी निघतं? गिऱ्हाईक उठताना. साडेसहाला आलेला ग्रुप तासभर बसतो, गप्पा मारतो, आणखी एक कॉफी मागवतो आणि आठ-सव्वाआठला "दादा, बिल" म्हणतो. पोराची धावपळ साडेसहा ते सातमध्ये झाली. पैसे पडले ८ ते ९ च्या खान्यात. पिव्होटने काम कधी झालं ते दाखवलंच नाही, पैसे कधी आले ते दाखवलं.

टेबल सर्व्हिस असलेल्या जागी शिफ्ट लावायची तर बिलाची वेळ बघायचीच नाही. केओटीची बघायची. किचनमध्ये चिठ्ठी छापली जाते तो मिनिट म्हणजे काम सुरू झाल्याचा मिनिट. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये केओटीचा रिपोर्ट वेगळा असतो, तो काढा.

हे खरं की खोटं, ते रिपोर्टशिवायही कळतं. कुठल्याही शनिवारची दहा बिलं घ्या, प्रत्येकाची पहिल्या केओटीची वेळ आणि बिलाची वेळ शेजारी लिहा. मधलं अंतर म्हणजे तुमच्या तक्त्याची चूक. जिथे आधी पैसे मग खाणं असतं, तिथे हे अंतर जवळपास शून्य आणि बिलाचा तक्ता चालतो. म्हणूनच @गल्लाधारी यांचं त्यांच्याकडे अडत नसावं.

---

गल्लाधारी
बुधवार, सकाळी ९:५२

बरोबर. आमच्यात आधी कूपन.

---

अर्धाकप
बुधवार, रात्री ११:५५

ताई, तुम्ही म्हणालात तसं दहा बिलं तपासली. सगळ्यात कमी अंतर ३५ मिनिटं, जास्तीत जास्त दोन तास दहा मिनिटं (कॉलेजच्या पोरी, एक कोल्ड कॉफी तिघींत). बहुतेक बिलं सव्वा तासाच्या आसपास.

मग केओटीचा रिपोर्ट काढला. त्यात तारीख B कॉलममध्ये, वेळ C मध्ये. मी असं केलं:

```
E2:  =HOUR(C2)
F2:  =WEEKDAY(B2,2)
=COUNTIFS($F:$F,6,$E:$E,18)/13
```

शनिवारी ६ ते ७ ला ९४ आलं! तासाला ९४ केओटी? आमच्याकडे अकरा टेबलं आहेत.

---

भांडारपाल
गुरुवार, सकाळी ९:१०

त्या रिपोर्टमध्ये एका ओळीला एक पदार्थ असणार. ९४ हे पदार्थ आहेत. केओटी नंबरचा कॉलम असेल, तो आणि तारीख दोन्ही मिळून डुप्लिकेट काढा आणि परत मोजा. पण पदार्थांचा आकडाही फेकून देऊ नका, तोच पुढे लागणार आहे. कॅन्सल झालेल्या ओळी मात्र वगळा.

---

अर्धाकप
गुरुवार, दुपारी ३:१५

(गुरुवार दुपार, कॅफे रिकामा, म्हणून लिहायला वेळ आहे.)

डुप्लिकेट काढल्यावर शनिवारच्या केओटी:

६ ते ७: ३१
७ ते ८: ३४
८ ते ९: १७

म्हणजे ज्या तासाला मी पोराला जेवायला पाठवत होतो तो दिवसातला जवळजवळ सगळ्यात जड तास. आणि ८ ते ९ ला अर्धं काम. डोळ्यांनी रोज बघत होतो, पण रुपयांचा तक्ता समोर आल्यावर डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

आता याच गुरुवारचं सांगा.

---

भांडारपाल
गुरुवार, संध्याकाळी ५:४०

गुरुवार ३ ते ४ चे तेराही आकडे एकाखाली एक लिहा. एक फार मोठा निघेल, बघा.

---

अर्धाकप
गुरुवार, रात्री ११:३०

निघाला. एका गुरुवारी जवळच्या ऑफिसची ट्रेनिंगसाठी सँडविच बॉक्सची ऑर्डर होती, २२,००० ची, बिल ३:२० ला फाडलं. उरलेल्या गुरुवारी ११०० च्या आगेमागे. २२,००० ला तेराने भागलं की १,६९२, त्यात ११०० मिळवले की झाले २,८००. एका दिवसाने तेरा गुरुवार फुगवले. `AVERAGE` काढून `MEDIAN` लावलं तर ११०० च येतात.

आणि गंमत म्हणजे ती ऑर्डर आदल्या दिवशी आली होती, सँडविच सकाळी अकरालाच भरून झाली होती. ३:२० ला फक्त बिल!

---

भांडारपाल
शुक्रवार, सकाळी ९:००

छान. मोठ्या आगाऊ ऑर्डरी तक्त्यातून बाहेरच ठेवा. त्या आधी कळतात, त्यांच्यासाठी माणूस त्या दिवसापुरता लावता येतो.

आणखी एक तपासा. तुमचा पिव्होट सरासरी कशाने भागतोय? सोमवारी सकाळी ८ ते ९ ला किती आहे?

---

अर्धाकप
शुक्रवार, सकाळी ११:२०

पहिल्या तक्त्यात ६४० रुपये. पण आत्ता बघतोय तर तेरापैकी सहाच सोमवारी त्या तासात एखादं तरी बिल झालंय. ज्या दिवशी शून्य, त्या दिवसाची ओळच नाही, त्यामुळे सहानेच भागलं गेलं. तेराने भागलं तर २९५.

---

भांडारपाल
शुक्रवार, सकाळी ११:४५

हाच तो गाळलेला शून्य. भलेभले इथे फसतात. ताळा करायची रीत सोपी आहे: तक्त्यातल्या सगळ्या चौकोनांची बेरीज करा, तेराने गुणा, बाहेर ठेवलेल्या ऑर्डरी सोडून तेरा आठवड्यांच्या एकूण विक्रीशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर कुठेतरी भागाकार चुकलाय.

---

मेलबर्नकर
शुक्रवार, दुपारी १२:३०

इथे कॅफे मॅनेजर आहे म्हणून भर घालतो. आम्ही १५-१५ मिनिटांचे तुकडे बघतो. तासाच्या तुकड्यात सव्वासहाची आणि पावणेसातची गर्दी एकत्र होते. शिवाय इथे पगार तासावर आणि शनिवार-रविवारचा दर जास्त, त्यामुळे मंदी दिसली की कॅज्युअल स्टाफला लवकर घरी पाठवतात. तुम्हीही ३ ते ५ ला दोघांना कट करा, लगेच पैसे वाचतील.

---

भांडारपाल
शुक्रवार, दुपारी १:१०

@मेलबर्नकर, पंधरा मिनिटांचे तुकडे तुमच्या गर्दीला ठीक असतील. कोथरूडच्या या कॅफेत बुधवारी दुपारी पंधरा मिनिटांत शून्य, एक, नाहीतर तीन केओटी येणार. तेरा बुधवारांवरून त्यात काही दिसायचं नाही, निव्वळ योगायोग दिसेल. फार तर शनिवार-रविवार संध्याकाळचे अर्ध्या तासाचे तुकडे करा. सोमवार ते गुरुवार एकसारखे असतील तर मी ते एकत्रच धरते.

आणि पैसे वाचण्याचं म्हणाल तर इथे पोरं महिन्याच्या पगारावर असतात. दुपारी घरी पाठवलं तरी पगार तोच. आपल्याकडे शिफ्टचा तक्ता तीनच गोष्टी ठरवतो: साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, जेवायची सुट्टी किती वाजता, आणि शिफ्ट कधी सुरू. @अर्धाकप यांची चूक जेवायची सुट्टी आणि शिफ्टची सुरुवात या दोन गोष्टींत झाली.

---

मेलबर्नकर
शुक्रवार, दुपारी १:२५

पगाराचा मुद्दा मान्य. पंधरा मिनिटांवर मात्र मी ठाम आहे.

---

टेबल_नंबर_सात
शुक्रवार, रात्री ११:५०

मी सहा वर्षं वेटर होतो, आता वेगळं काम करतो. तुमच्या तक्त्यात एक काम कुठेच नाही. शेवटची ऑर्डर १०:१५ ला. पुढे ग्रिल घासायचा, मशीनचा दुधाचा नळ काढून धुवायचा, खुर्च्या उलट्या, पोछा, कचरा, फ्रीजची नोंद. आमच्याकडे पाऊण तास जायचा. विक्री शून्य, काम पूर्ण. सकाळी तसंच, ८ ला दार उघडतं पण चटणी आणि भाज्या ७ पासून. विक्री बघून दोन्ही टोकांची माणसं कापलीत की पोरं फुकट थांबतात आणि मग सोडून जातात.

दुसरं, शिफ्ट तोडायची कल्पना कोणी देईल. सकाळी ८ ते १२, मग संध्याकाळी ५ ते १०. कागदावर गर्दीशी बरोबर बसते. मी केलीय. मधले पाच तास खोलीवर जाऊन यायला दोन बस, झोप नाही, घरी नाही. दोन महिन्यांत मी दुसरीकडे गेलो.

---

गल्लाधारी
शनिवार, सकाळी ६:५५

तोडलेली शिफ्ट आमच्याकडे चालते, पण पोरं वरच्याच खोलीत राहतात.

---

रविवारपेठकर
शनिवार, सकाळी १०:१५

नियमाचं बघा. दुकाने व आस्थापनांचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्याच्या मूळ मजकुरात सलग पाच तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती द्यायची आहे. त्याच मूळ मजकुराप्रमाणे दहापेक्षा कमी माणसं असली तर बरीच कलमं लागू होत नव्हती, पण तुमच्याकडे नऊ अधिक कॉलेजचा मुलगा, म्हणजे त्या हिशोबाने काठावरच. ताजा मजकूर कन्सल्टंटकडून बघून घ्या.

---

भांडारपाल
शनिवार, सकाळी १०:४०

आता @गल्लाधारी यांचा माणसामागे हजार रुपयांचा हिशोब. महिन्याचा पगार विक्रीच्या किती टक्के चाललाय, ते बघायला असा आकडा उपयोगी आहे. तासाला माणसं ठरवायला नाही. १,२०० चा तयार केक फ्रीजमधून काढून डब्यात घालायला दोन मिनिटं लागतात. १,२०० च्या चहाने काउंटरवाल्याचा घाम निघतो.

म्हणून ते ९४ पदार्थ स्टेशनप्रमाणे वाटा: मिक्सर, कॉफी मशीन, ग्रिल आणि ज्याला हात लागत नाही ते. मग घड्याळ घेऊन एका शनिवारी उभे राहा आणि मोजा, प्रत्येक स्टेशन तासाला खरंच किती काढू शकतं. माझा आकडा घेऊ नका, प्रत्येक किचन वेगळं असतं.

---

अर्धाकप
रविवार, रात्री ११:४०

काल मोजलं. शनिवार ६ ते ७ चे सरासरी ९४ पदार्थ असे: कोल्ड कॉफी आणि शेक २६, गरम कॉफी-चहा १८, ग्रिलवरचं २२, आणि पेस्ट्री, कुकी, पाण्याच्या बाटल्या २८. म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला काही बनवावंच लागत नाही.

गाडं अडतं ते मिक्सरपाशी. एक माणूस तासाला २२ च काढतो. मागणी २६, म्हणजे ७ वाजेपर्यंत चार मागे पडले, आणि ७ नंतर गर्दी आणखी वाढते. मी म्हटलं इथे दुसरा माणूस लावू. पण ओट्यापाशी उभं राहून बघितलं तर तो अर्धा वेळ मिक्सर चालवतच नाहीये. भांडं धुतोय! चॉकलेट शेकनंतर मँगो, मधे भांडं विसळायला सिंकपर्यंत जायचं, तिथे मावशींचा ढीग, नळ मोकळा होईपर्यंत थांबायचं. दुसरा माणूस लावला असता तर त्याच एका भांड्यासाठी दोघं उभे राहिले असते.

दोन जास्तीची भांडी आणली. आज रविवारी संध्याकाळी त्याच माणसाने तासात २९ काढले.

---

पेठेतला
सोमवार, सकाळी ९:२०

वाह! आणि आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी नळाला करंगळीएवढी धार. तेव्हा भांडी कितीही आणा. तो वारही तक्त्यात घाला.

---

भांडारपाल
सोमवार, सकाळी ११:००

@पेठेतला चेष्टेत म्हणाले, पण खरं आहे. पाणी बंद असलेले गुरुवार वेगळे खुणावून ठेवा. त्या दिवशी धुण्याला माणूस जास्त लागतो, विक्री तीच असली तरी.

@अर्धाकप, रात्रीचं बघितलंत का? ९ नंतर?

---

अर्धाकप
सोमवार, दुपारी ३:४०

बघितलं. ८:३० ते १० मधल्या केओटी बहुतेक स्विगी-झोमॅटोच्या. फ्लोअर रिकामा, किचन भरलेलं. म्हणून पोरं टेकून उभी दिसत होती आणि आत कुक ओरडत होता. आता त्या वेळी सर्व्हिसचा एक पोरगा पॅकिंगला आत जातो. वर्षभर मी दोन्हीची गर्दी एकच समजत होतो.

शनिवारचा नवा तक्ता: कॉलेजचा मुलगा ५:३० ते ९:३०. सर्व्हिसच्या एकाची जेवणाची सुट्टी साडेचार ते सव्वापाच, दुसऱ्याची साडेआठनंतर. पूर्वी साप्ताहिक सुट्टी ज्याला जशी हवी तशी होती, आता सोमवार ते गुरुवारमध्ये वाटली. सकाळी ७ पासूनचं आणि रात्री ११:१५ पर्यंतचं काम शिफ्टमध्ये धरलं.

---

भांडारपाल
सोमवार, संध्याकाळी ६:००

चांगलं आहे. एक लक्षात ठेवा. दारातून परत गेले ते दोन ग्रुप कुठल्याच रिपोर्टमध्ये नाहीत. फ्लोअरवर माणूस कमी म्हणून विक्री कमी, विक्री कमी म्हणून तक्ता म्हणतो माणूस कमी चालेल. हे चक्र तुम्ही दोन शनिवार स्वतः फिरवलंत. काउंटरला वही ठेवा आणि परत गेलेल्या प्रत्येक ग्रुपसाठी वेळेसमोर एक रेघ मारा.

---

मेलबर्नकर
मंगळवार, सकाळी ८:१०

ही तेरा आठवड्यांची सरासरी उन्हाळ्यात चालेल का? परीक्षा संपल्या की कॉलेजची पोरं गावी जाणार. मी तर शेवटचे चार आठवडेच धरतो.

---

भांडारपाल
मंगळवार, सकाळी ९:४५

चारच धरले तर एका पावसाळी शनिवारने सगळं हलतं. तेरा धरले तर बदल उशिरा कळतो. मी तेरा ठेवते आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघते. पण ज्यांचा कॅफेच नवा, त्यांनी काय करायचं, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. आणि श्रावणाचा वेगळाच घोळ असतो, तारखा दर वर्षी सरकतात.

---

अर्धाकप
पुढचा रविवार, रात्री ११:५०

काल शनिवार झाला. वहीत दोनच रेघा, दोन्ही सव्वासातच्या, तेव्हा खुर्च्याच भरल्या होत्या. त्याला माणूस लावून उपयोग नाही. ८:३० ला पोरं उभी नव्हती, दोघं आत पॅकिंगला.

---

टेबल_नंबर_सात
सोमवार, रात्री १२:१५

एक विचारू? शनिवारी ११:१५ ला बंद करून जाणारा पोरगा रविवारी सकाळी ७ च्या शिफ्टला आहे का?

---

अर्धाकप
सोमवार, रात्री १२:३०

थांबा, तक्ता उघडतो.

आहे. बदलतो.